मॉडेल उत्तरातल्या केसेस खऱ्या आहेत का? जेएमएफसी मेन्सच्या नोट्स तपासल्या त्याची गोष्ट

जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या अभ्यासाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ आली. जेएमएफसी मेन्स, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीश होण्यासाठीची मुख्य परीक्षा, तिच्या क्रिमिनल पेपरची मॉडेल उत्तरं, प्रत्येक उत्तरात चार-पाच केस लॉ, ठळक अक्षरात सायटेशन, मधेमधे निकालातली वाक्यं अवतरण चिन्हात. एआय टूलकडून तयार करून घेतलेली होती आणि निखिलने, म्हणजे ज्याने टाकली त्याने, ते लपवलं पण नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच की भाषा मस्त आहे, स्ट्रक्चर मस्त आहे, आपल्याला असं लिहायला जमत नाही, तर वापरूया. ते खरंही होतं. आम्ही सगळे दिवसा कोर्टात नाहीतर ऑफिसात, मी स्वतः किल्ला कोर्टात एका वकिलांकडे ज्युनियर, संध्याकाळी सीएसएमटीहून स्लो पकडून मुलुंड गाठायचं आणि मग रात्री अभ्यास. त्यात 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीच्या प्रॅक्टिसची अट परत आणल्यापासून नुसतं घरी बसून तयारी करणारी मंडळी कमी होणार आणि आमच्यासारखी ट्रेनमध्ये नोट्स वाचणारी वाढणार हे उघड आहे. आयती उत्तरं कोणाला नको असतात.

पण केसेसवर माझा विश्वास बसेना. कारण ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली होती, त्या ऑर्डरमध्ये ज्या निकालांचा आधार घेतला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. त्याआधी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माता विरुद्ध एव्हिअँका प्रकरणात वकिलांना 5000 डॉलर दंड झाला तो पण याच कारणासाठी, चॅटजीपीटीने तयार केलेल्या केसेस त्यांनी ब्रीफमध्ये टाकल्या होत्या, त्यातली एक तर चायना सदर्न एअरलाइन्सविरुद्धची, वाचायला अगदी खरी. सरकारी ऑर्डरमध्ये आणि वकिलांच्या ब्रीफमध्ये हे होतं तर आमच्या पीडीएफमध्ये का नाही होणार. मी ग्रुपवर लिहिलं की वापरायच्या आधी एक उत्तर पूर्ण तपासते, काय निघतं ते सांगते. सोमवारी 12 तारखेला सुरुवात केली. उत्तर निवडलं मृत्युपूर्व जबाबाचं, म्हणजे डाइंग डिक्लेरेशन. परीक्षेत पुन्हा पुन्हा फिरून येणारा विषय, आणि केस लॉ इतकं स्थिर की चूक असेल तर कळेल असं वाटलं.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की कुठे शोधायचं ते पण कळतं. ही टूल्स निकालांच्या रजिस्टरमधून केस काढून देत नाहीत, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द शोभेल ते लावत जातात (काही टूल्स नेटवर शोधून पण देतात, तरी शेवटचं वाक्य असंच जुळवलेलं असतं). सायटेशनचा साचा ठरलेला असतो, अमुक विरुद्ध राज्य, साल, खंड, रिपोर्टर म्हणजे एआयआर, एससीसीसारखी निकाल छापणारी मालिका, आणि पान. लग्नपत्रिकेसारखं आहे ते, नाव, मुहूर्त, हॉल भरला की पत्रिका छान दिसते, म्हणून त्या दिवशी त्या हॉलमध्ये लग्न असेलच असं नाही. तत्त्व हजार ठिकाणी लिहिलेलं असतं म्हणून ते बहुतेक वेळा बरोबर येतं. पान नंबर मात्र मोजक्या ठिकाणी असतो, तिथे अंदाज येतो. त्यामुळे गंमत अशी की उत्तर वाचताना कायदा बरोबर वाटतो आणि आपण केसवर पण विश्वास ठेवतो.

आता ते उत्तर. प्रश्न होता, केवळ मृत्युपूर्व जबाबावर शिक्षा होऊ शकते का, आणि जखमी माणूस जबाब द्यायच्या मानसिक स्थितीत होता असं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंच का. उत्तरात चार केसेस होत्या.

पहिली पकाला नारायण स्वामी विरुद्ध एम्परर, एआयआर 1939 पीसी 47. ही कॉलेजपासून माहिती, प्रिव्ही कौन्सिलची, पुरी स्टेशनला रेल्वेच्या डब्यात ट्रंकेत मृतदेह सापडला तीच. 'मृत्यूला कारणीभूत झालेल्या व्यवहाराची परिस्थिती' याचा अर्थ तिथे आला. उत्तरात नाव बरोबर, सायटेशन बरोबर, तत्त्व बरोबर. indiankanoon.org वर नाव टाकलं, मिनिटात मिळाली, संबंधित पॅरे वाचले, झालं.

पहिली बरोबर निघाली की हात सैल पडतो. म्हणून मला वाटतं पहिल्या केसवरून बाकीच्या उत्तराबद्दल काहीही ठरवू नये. सगळ्यात प्रसिद्ध केसेस टूलकडून बहुधा बरोबरच येतात.

दुसरी होती विठोबा बाळू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर 1956 एससी 388. ही कुठलीही वेबसाइट न उघडता बाद झाली. महाराष्ट्र राज्य झालं 1 मे 1960 ला. 1956 मध्ये आलेल्या निकालात 'महाराष्ट्र राज्य' पक्षकार असेल कसं? तेव्हा 'मुंबई राज्य' असायला हवं. हे ज्ञान प्रत्येक मराठी माणसाकडे शाळेपासून असतं, फक्त सायटेशन वाचताना ते वापरायचं सुचत नाही. उलट दिशेने मात्र हा नियम लावू नका. खटला 1958 चा आणि निकाल 1963 चा असेल तर नाव कधी महाराष्ट्र येईल, कधी जुन्या कागदांमुळे मुंबई राज्यच राहील, त्यावरून काही सिद्ध होत नाही. असंच मद्रासचं तमिळनाडू 1969 मध्ये झालं, म्हैसूरचं कर्नाटक 1973 मध्ये, ती सालं पण लक्षात ठेवलेली बरी.

अशा नुसत्या नजरेने पकडता येणाऱ्या अजून दोन गोष्टी आहेत. सुप्रीम कोर्ट सुरू झालं जानेवारी 1950 मध्ये, तेव्हा 'एआयआर 1947 एससी' असं काही असू शकत नाही, त्याआधी फेडरल कोर्ट किंवा प्रिव्ही कौन्सिल. आणि एससीसी हा रिपोर्टर सुरू झाला 1969 ला, त्यामुळे '(1965) 2 एससीसी' दिसलं की पुढे वाचायचं कारण नाही. पीडीएफमधल्या दुसऱ्या एका उत्तरात नेमकं असं सायटेशन होतं. हे करायला प्रत्येक केसला पाच सेकंद लागतात, ट्रेनमध्ये उभ्याने होतं.

तरी विठोबाच्या बाबतीत मी नावाने शोधून पाहिलं, कारण वर्ष चुकलेलं असेल आणि केस खरी असेल असं पण होऊ शकतं. इथे पहिला खरा त्रास. महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या क्रिमिनल अपिलांचा डोंगर आहे आणि विठोबा नावाचे पक्षकार पण बरेच. दहा निकाल समोर आले, एकाचाही मृत्युपूर्व जबाबाशी संबंध नाही. म्हणजे 'नाव सर्चमध्ये आलं' याला काही अर्थ नाही, नाव, साल आणि मुद्दा तिन्ही एका निकालात जुळले पाहिजेत.

मग खात्रीसाठी पान 388 बघायचं ठरवलं, एआयआरचा छापील खंड. आमच्या सरांच्या ऑफिसात 1970 च्या आधीचे खंड नाहीत, आणि सर म्हणाले, "अगं, एवढ्यासाठी कशाला, नाही सापडली तर नाही घ्यायची." त्यांचं बरोबर होतं, पण मला एकदा शेवटपर्यंत जाऊन बघायचं होतं. फोर्टातल्या एका लायब्ररीत जुने खंड आहेत असं कळलं. तिथे सोमवारी 19 ला गेले. फॉर्म, सनदेची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि सरांचं लेटरहेडवर पत्र. पत्र नव्हतं म्हणून परत. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेले तर सही आहे पण शिक्का नाही, म्हणून पुन्हा परत. अर्ज जमा झाला एकदाचा, 500 रुपये डिपॉझिट (परत मिळतं, पावती हरवू नका) आणि महिन्याचे 150. कार्ड मिळालं 27 ला, मधे शनिवार-रविवार आणि सव्वीस जानेवारी गेला. जाणार असाल तर शिक्का मारून पत्र आधीच घ्या आणि दुपारी दोनच्या आत जा, कारण जुने खंड आतल्या खोलीतून काढून द्यायला एकच काका आहेत आणि चारनंतर ते नवीन स्लिप घेत नाहीत. मोबाइलने फोटो काढायला बंदी, झेरॉक्स दोन रुपये पान.

पान 388 वर अर्थातच भलताच निकाल होता. विठोबा संपला.

छापील खंडाचा मात्र एक फायदा झाला जो मी धरला नव्हता, तो तिसऱ्या केसमध्ये. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य, एआयआर 1958 एससी 22. नाव खरं, सायटेशन खरं, तत्त्व पण खरं: मृत्युपूर्व जबाबाला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच असा काही पक्का नियम नाही, कोर्टाला जबाब खरा वाटला तर एकट्या जबाबावर शिक्षा होऊ शकते. पण उत्तरात पुढे एक ओळ होती की या केसमध्ये सासरी जाळलेल्या विवाहितेने हॉस्पिटलमध्ये जबाब दिला होता. ही ओळ वाचताना कोणालाही खटकणार नाही, कारण मृत्युपूर्व जबाबाच्या अर्ध्याअधिक केसेस आपण तशाच वाचलेल्या असतात. खरी केस नागपूरची आहे. मिल एरियातल्या दोन गटांचं वैर, त्यातून 1956 मध्ये रात्री एका माणसावर हल्ला, त्याला मेयो हॉस्पिटलला नेलं, तिथे आधी डॉक्टरने, मग सब-इन्स्पेक्टरने, मग मॅजिस्ट्रेटने काही तासांत एकापाठोपाठ जबाब घेतले. जाळणं नाही, सासर नाही, विवाहिता नाही. आणि या घटनाक्रमातच केसचा जीव आहे, कारण जबाब ताबडतोब घेतला गेला का, जखमीला पढवायला बाकीच्यांना वेळ मिळाला का, हे मुद्दे कोर्टाने त्यातूनच तपासले. तीन वेगवेगळ्या माणसांनी घेतलेले जबाब एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्नच जळीत विवाहितेच्या काल्पनिक गोष्टीत गायब होतो. शिवाय 1953 च्या रामनाथ माधोप्रसाद केसमध्ये जे म्हटलं होतं, की दुजोऱ्याशिवाय मृत्युपूर्व जबाबावर विसंबणं सुरक्षित नाही, त्याला हा निकाल थेट उत्तर देतो, आणि उत्तरात त्याचा पत्ताच नव्हता. मेन्सला याचे मार्क मिळतात.

म्हणजे केस अस्तित्वात आहे एवढ्यावर तपासणी संपत नाही. खऱ्या नावाखाली खोटे फॅक्ट्स असू शकतात. ग्रुपमधल्या स्नेहलने हे उत्तर आधीच पाठ केलं होतं आणि नागपूर सांगितल्यावर पण तिच्या तोंडात पंधरा दिवस जळीत केसच येत होती. तिचं म्हणणं, "एकदा बसलं की निघत नाही गं, आता उलट ते विसरायला वेगळा अभ्यास." म्हणून पाठ करायच्या आधी तपासा, नंतर नाही.

शोधताना एक अडचण सगळ्यांना येणार. या केसचं नाव कुठे `Khushal Rao` आहे, कुठे `Kushal Rao`. एका स्पेलिंगने शोधलं आणि मिळाली नाही म्हणून बनावट ठरवली तर खरी केस हातची जाईल. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग ही मोठीच भानगड आहे, `Laxman` आणि `Lakshman`, `Vitthal` आणि `Vithal`, आडनाव आहे की वडिलांचं नाव हे पण बदलतं. मी दोन-तीन स्पेलिंग, मग फक्त साल आणि विषयाचे शब्द, असं करून बघते. दुसरी अडचण, सरकारी साइट `scr.sci.gov.in` वर सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट, म्हणजे एससीआर, फुकट आहेत पण तिथे एआयआरचा पान नंबर टाकून काही मिळत नाही, एससीआरचं साल, खंड, पान लागतं किंवा पक्षकाराचं नाव. तेव्हा आधी इंडियन कानूनवर केस काढून वर जी समांतर सायटेशन्स दिसतात ती उतरवायची आणि मग एससीआरवर जायचं. हायकोर्टांसाठी `judgments.ecourts.gov.in`. दोन्हीकडे प्रत्येक वेळी कॅप्चा, आणि कॅप्चा चुकला की भरलेलं सगळं जातं, म्हणून नाव आधी नोटपॅडवर लिहून कॉपी करा. रात्री अकरानंतर मला साइट बऱ्या चालताना दिसल्या, हा माझा अनुभव, नियम नाही.

आता चौथी, आणि मला सगळ्यात जास्त घाबरवलेली. उत्तरात होतं: लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (1999) 7 एससीसी 695, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट अनिवार्य आहे. आणि खाली अवतरण चिन्हात दोन वाक्यं, "भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 अन्वये" अशी सुरुवात करून.

नुसत्या नजरेनेच दोन गोष्टी खटकल्या. भारतीय साक्ष्य अधिनियम आला 2023 मध्ये, लागू झाला 1 जुलै 2024 पासून. 1999 च्या काय किंवा 2002 च्या काय, निकालात न्यायाधीश त्याचं कलम सांगणार कसे? त्या काळी एव्हिडन्स अॅक्टचं कलम 32(1) होतं. म्हणजे ते अवतरण निकालातलं नव्हतं, टूलने नवीन कायद्यानुसार 'अपडेट' करून दिलेलं होतं, आणि अवतरण चिन्हं तशीच. जुन्या निकालाच्या तोंडी नव्या कायद्याचं कलम दिसलं की ते वाक्य बनावट, या एका खुणेवर आमच्या पीडीएफमधली ढीगभर अवतरणं पडली. बीएनएस, बीएनएसएस या बाकीच्या नव्या फौजदारी कायद्यांना पण हेच लागू.

दुसरं, सायटेशन. (1999) 7 एससीसी 695 ही लक्ष्मणची नाहीच, ती आहे पापारंबका रोसम्मा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. लक्ष्मण आहे 27 ऑगस्ट 2002 ची, (2002) 6 एससीसी 710. टूलने दोन खऱ्या केसेसची सरमिसळ केली होती, एकीचं नाव आणि पीठ, दुसरीचं पान आणि निष्कर्ष. आणि या दोन केसेसचा संबंध असा आहे की सरमिसळ झाली की कायदाच उलटा होतो. रोसम्मामध्ये तीन न्यायाधीश होते. तिथे डॉक्टरने पेशंट शुद्धीवर आहे असं लिहिलं होतं, पण जबाब द्यायच्या मानसिक स्थितीत आहे असं लिहिलं नव्हतं, आणि कोर्टाने तो जबाब मानला नाही. त्याच वर्षी कोळी चुनीलाल सावजी विरुद्ध गुजरात राज्य, (1999) 9 एससीसी 562, मध्ये तेवढ्याच न्यायाधीशांनी सांगितलं की डॉक्टरचा शेरा नसला तरी जबाब घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटची खात्री झालेली असेल तर चालतं. दोन निकाल भांडायला लागले म्हणून पाच न्यायाधीश बसले, आणि लक्ष्मणमध्ये त्यांनी सांगितलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट ही सावधगिरीची बाब आहे, जबाब घेणाऱ्याची खात्री झाली पाहिजे की माणूस बोलायच्या स्थितीत आहे, सर्टिफिकेट नाही म्हणून जबाब फेकायचा नाही. रोसम्माचं म्हणणं फारच व्यापक झालं असं म्हणून बाजूला ठेवलं, कोळीला दुजोरा दिला.

म्हणजे पीडीएफमध्ये घटनापीठाच्या तोंडी नेमकं तेच घातलं होतं जे घटनापीठाने नाकारलं. हे परीक्षेत लिहिलं असतं तर तपासणाऱ्याला केस माहीत नसण्याचा प्रश्नच नाही, ही महाराष्ट्रातलीच केस.

हे कसं पकडायचं याचा मार्ग एकच सापडला, निकाल उघडून वाचणे. पूर्ण नाही, लक्ष्मण मुळात फार मोठा निकाल नाही, पण मोठ्यांमध्ये मी शेवटचे पॅरे आधी वाचते आणि मग मुद्द्याचे. हेडनोटवर थांबायचं नाही, हेडनोट हा निकालाचा भाग नसतो, रिपोर्टरने केलेला सारांश असतो. अवतरणासाठी त्यातले पाच-सहा शब्द घेऊन पानावर कंट्रोल-एफ करायचं. जुन्या निकालांच्या स्कॅन पीडीएफमध्ये हे फसतं, अक्षरं नीट ओळखलेली नसतात, तिथे इंडियन कानूनच्या टाइप केलेल्या पानावर शोधा. तरी न मिळाल्यास शब्द कमी करा, दोन ठळक शब्द पुरतात.

दुसरी एक खूण मला खूप उपयोगी पडली. लक्ष्मणसारख्या निकालाला नंतरच्या असंख्य निकालांनी आधार म्हणून घेतलंय, इंडियन कानूनवर तो आकडा वरच दिसतो. घटनापीठाचा किंवा 'लँडमार्क' म्हणवणारा निकाल आणि त्याला नंतर कोणीच हात लावलेला नाही, असं होत नाही. आणि ते नंतरचे एक-दोन निकाल उघडले की आपली केस तिथे कशासाठी वापरली ते दोन ओळींत कळतं, शिवाय मधे ती ओव्हररूल झाली का ते पण. रोसम्मा नुसती 'खरी आहे का' एवढंच तपासलं तर पास होते. खरी आहे, सायटेशन बरोबर आहे, फक्त आज चालत नाही.

ग्रुपमध्ये एकाने सुचवलं की दुसऱ्या टूलकडून क्रॉसचेक करून घेऊया, वेळ वाचेल. मी नाही म्हटलं आणि अजून नाहीच म्हणते. ज्या साच्यातून पहिली चूक आली त्याच साच्यातून दुसरं 'बरोबर आहे' येणार, निकाल उघडलेला कोणीच नसणार.

या एका उत्तराला, लायब्ररी सोडून, दोन-तीन संध्याकाळी लागल्या. नंतरची उत्तरं पटापट झाली, कारण वेळ वाचनात जातो, शोधण्यात नाही. वहीत मी आता प्रत्येक केससमोर फक्त एक शेरा लिहिते: वाचली, सापडली पण वाचली नाही, सापडली नाही. उत्तरात जाते ती फक्त 'वाचली'. 'सापडली नाही' म्हणजे बनावटच असं मी म्हणत नाही, काही निकाल एससीसीतच छापलेले असतात, काही रिपोर्टच झालेले नसतात, पण मला मिळाली नाही तर मी लिहिणार नाही एवढं साधं. त्याने उत्तरातल्या केसेस कमी झाल्या, मृत्युपूर्व जबाबात आता पकाला, खुशाल राव, आणि कोळी-रोसम्मा-लक्ष्मण ही साखळी एवढंच आहे, पण साखळी सांगता येते, नुसती नावं फेकत नाही. पान नंबर मी पाठ करत नाही, नाव आणि साल पुरतं, साल नक्की नसेल तर ते पण सोडते आणि तत्त्व लिहिते. कायद्याचं कलम नवीन, म्हणजे 26, आणि पुढे एक ओळ की हे निकाल जुन्या 32(1) खालचे आहेत.

निखिलला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी थोडा फुगला, मग त्याने स्वतःहून पीडीएफ ग्रुपवरून काढली आणि भाषेचा ढाचा ठेवून केसेसच्या जागा रिकाम्या करून परत टाकली. ही मला आवडलेली आयडिया, रिकाम्या जागी वाचलेली केसच भरायची. सध्या चोरी-दरोड्याची उत्तरं स्नेहलकडे आहेत, जामिनाची माझ्याकडे, आणि हायकोर्टाच्या केसेस निखिल बघतोय. तिथे 2023 पासूनच्या न्यूट्रल सायटेशनमध्येच, म्हणजे कोर्टाने स्वतः निकालाला दिलेल्या नंबरमध्येच, खंडपीठ लिहिलेलं असतं, `BHC-NAG` नागपूर, `BHC-AUG` औरंगाबाद, `BHC-AS` मुंबईची अपील शाखा, `BHC-OS` मूळ शाखा. काल त्याला 'नागपूर खंडपीठ' म्हणून दिलेली एक केस `BHC-AS` नंबरने सापडली, सोसायटीच्या वादाची निघाली.